क्रियापद येईपर्यंत ऐकणारा थांबत नाही

*ताई, आमची कंपनी शेतीपंपांसाठी मोबाईल स्टार्टर बनवते. दीड मिनिटाचा माहितीचा व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं. माहितीपत्रकातला मजकूर घेऊन मी साधारण अडीचशे शब्दांची स्क्रिप्ट लिहिली. निवेदकाचा आवाज चांगला आहे, तरी ऐकून डोक्यात काही राहत नाही. आमच्याच वर्कशॉपमधली माणसं मध्येच फोन खाली ठेवतात. मालक म्हणतात, एकही मुद्दा गाळायचा नाही. सुरुवातीचा भाग पाठवते:*

*"अत्याधुनिक जीएसएम तंत्रज्ञानाने सुसज्ज असे आमचे मोबाईल पंप स्टार्टर शेतकरी बांधवांच्या सेवेत सादर करीत आहोत. जगातील कोणत्याही कोपऱ्यातून मोटर चालू-बंद करण्याची सुविधा, ड्राय रन, ओव्हरलोड, सिंगल फेजिंग व हाय-लो व्होल्टेज संरक्षण, २.२ ते ७.५ किलोवॅट क्षमतेच्या मोटरींकरिता उपयुक्त, सुलभ स्थापना आणि १ वर्षाची वॉरंटी या वैशिष्ट्यांमुळे मोटरीचे आयुर्मान वाढून वेळ, वीज व श्रमाची लक्षणीय बचत होते."*

*यात नेमकं काय बदलू?*

*— एक वाचक, सांगली*

निवेदक बदलायच्या फंदात पडू नका. दोष वाक्याच्या बांधणीत आहे, आणि तो तुमच्या दुसऱ्या वाक्यात अगदी स्पष्ट दिसतो. 'जगातील'पासून सुरू झालेल्या त्या वाक्याचं क्रियापद आहे 'होते', आणि ते येतं सगळ्यात शेवटी. तोवर ऐकणाऱ्यानं काय काय धरून ठेवायचं? चालू-बंदची सुविधा, चार प्रकारची संरक्षणं, मोटरीची क्षमता, स्थापना, वॉरंटी. आठ गोष्टी झाल्या, तरी या आठांचं काय होतं हे अजून कळलेलं नाही. मग 'या वैशिष्ट्यांमुळे' येतं, त्यानंतर आणखी तीन बचती, आणि मग कुठे वाक्य संपतं.

माहितीपत्रकात हे खपतं, कारण कागद हातात असतो. स्वल्पविराम दिसतात, ठळक अक्षर दिसतं, हवं तिथे नजर मागे नेता येते. 'ओव्हरलोड'वर अडखळलेला माणूस तो शब्द सोडून थेट वॉरंटीवर जातो. ऐकणाऱ्याला यातलं काहीच करता येत नाही. एक शब्द निसटला की पुढचे तीन निसटतात, आणि मग तो ऐकायचंच सोडतो. तुमच्या वर्कशॉपमधल्या माणसांना स्टार्टरची खडान्‌खडा माहिती आहे, तरी ती कंटाळली. म्हणजे विषय अवघड असल्यामुळे हे झालेलं नाही.

मराठीत हा धोका जास्त, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. लिहिताना आपण नामाआधी विशेषणांची रांग लावतो, क्रियापदाआधी कारणांची रांग लावतो, आणि ते भारदस्त वाटतं. बोलताना मात्र कुणीच असं बोलत नाही. बोलताना आपण क्रियापद लवकर उरकतो आणि राहिलेलं मागून जोडतो. 'मोटर बंद होते, आपोआप.' 'फोन येतो तुम्हाला, लगेच.' मध्ये 'की', 'मग', 'म्हणजे', 'आता समजा' असे शब्द पेरतो, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढे काय येतंय याची चाहूल लागते. व्हिडिओच्या स्क्रिप्टला याच वाक्यरचनेची गरज आहे.

दुसरी गोष्ट शब्दसंख्येची. मराठी निवेदन मिनिटाला ११० ते १२० शब्दांच्या गतीनं कानाला बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. अडीचशे शब्द दीड मिनिटात बसवायचे, तर मिनिटाला १६५हून जास्त शब्द बोलावे लागतात. निवेदकानं ते केलं असणार, पण त्यासाठी त्याला विराम गिळावे लागले असणार. विराम गेले की एक मुद्दा कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळत नाही. तुमच्या दीड मिनिटात दहाबारा सेकंद शांतता धरा. उरलेल्या वेळात दीडशे शब्द बसतात. म्हणजे शंभर शब्द आवाजातून काढायचेच आहेत. मालकांचा मुद्दा मला कळतो, त्यावर पुढे येते.

आता काम. माहितीपत्रक बाजूला ठेवा, त्यातली वाक्यं दुरुस्त करत बसू नका. तुमच्या कंपनीत शेतकऱ्यांचे फोन घेणारा किंवा बांधावर जाऊन स्टार्टर बसवणारा कुणीतरी असेल. त्याला समोर बसवा, त्याच्या परवानगीनं फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि शेतकरी विचारतो तसे प्रश्न विचारा. 'वैशिष्ट्यं सांगा' असं म्हणालात तर तो माहितीपत्रकच म्हणून दाखवील. 'विहिरीतलं पाणी संपलं तर तुमचा स्टार्टर काय करतो?' असं विचारा. तो साधारण असं काहीतरी सांगेल: 'दादा, पाणी तुटलं की मोटरीवर लोड राहत नाही. करंट खाली येतो. स्टार्टरला ते कळतं, तो मोटर बंद करतो. तुम्हाला फोन येतो.'

या चार वाक्यांत ड्राय रन संरक्षण कसं चालतं, ते सगळं आलं. कारण आलं, क्रिया आली, शेतकऱ्याला काय कळतं तेही आलं. 'ड्राय रन संरक्षण' हे तीन शब्द लहान दिसतात, पण ज्याला अर्थ माहीत नाही त्याला ते काहीच सांगत नाहीत, आणि ज्याला माहीत आहे त्याला नवीन काही सांगत नाहीत. असंच 'एक फेज गेला तर?' हेही विचारा. एक फेज गेला की चालत्या मोटरीचा सगळा भार उरलेल्या दोन फेजवर येतो, त्यांतला करंट वाढतो, वाइंडिंग तापतं आणि जळतं. रिवाइंडिंगचा खर्च ज्यानं एकदा भरलाय, त्याला हे ऐकायचंच असतं. रेकॉर्डिंग जसंच्या तसं उतरवून काढा, 'म्हणजे कसं', 'काय होतं' यांसकट. तुमच्या स्क्रिप्टचा कच्चा माल तो.

मग क्रम ठरवा. माहितीपत्रकाचा क्रम यंत्र बनवणाऱ्याचा असतो: आधी तंत्रज्ञान, मग सुविधा, मग संरक्षण, मग क्षमता. कानासाठी सगळ्यात सोपा क्रम म्हणजे काळाचा, आधी काय झालं आणि मग काय झालं. शेतीची थ्री फेज लाईट बऱ्याच ठिकाणी आलटून पालटून काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री येते. त्यातली एक रात्र घ्या आणि स्टार्टरला त्या रात्रीतून न्या. लाईट येते, मोटर चालू होते, पाणी तुटतं, मोटर बंद होते. तुमची चारही संरक्षणं त्या रात्रीत आपोआप आपली जागा शोधतात, यादी करावी लागत नाही.

ही रात्र लिहिताना एक खड्डा सांभाळा. पहिला मोह होईल असं लिहायचा: 'आता रात्री विहिरीवर जायची गरज नाही, घरून मोटर चालू करा.' हे वाक्य ऐकून ऊसवाला शेतकरी पहिल्या दहा सेकंदांत म्हणेल, 'आणि दारं कोण धरणार?' पाटपाणी देणाऱ्याला एकेका सरीत पाणी वळवायला रात्री रानात जावंच लागतं. ज्याच्याकडे ठिबक आहे त्याला घरून मोटर चालू करायचा खरा उपयोग. पाटपाण्यावाल्याचा त्रास वेगळा आहे. विहीर एकीकडे, ऊस दुसरीकडे. तो विहिरीवर जाऊन मोटर लावतो, उसात येऊन दारं धरतो, तेवढ्यात लाईट जाते, परत येते, की पुन्हा विहिरीपर्यंत चक्कर. ती चक्कर तुमचा स्टार्टर वाचवतो. म्हणून तुमचा मुख्य ग्राहक कोण, ते विक्रीच्या माणसांना विचारा आणि त्याचीच रात्र लिहा. सांगलीकडची तुमची विक्री बहुतेक ऊसवाल्यांना असेल असं धरून मी पुढचं लिहिते आहे. द्राक्षवाल्यांना, ठिबकवाल्यांना जास्त जात असेल, तर सुरुवात बदला.

'जगातील कोणत्याही कोपऱ्यातून' हेही त्याच कारणानं काढा. शेतकरी जगाच्या कोपऱ्यात जात नाही, तो तालुक्याला जातो, पाहुण्यांकडे लग्नाला जातो. शिवाय हे अर्धंच खरं आहे. स्टार्टर सिमकार्डावर चालतो, म्हणजे विहिरीपाशी रेंज हवी आणि सिमचं रिचार्ज चालू हवं. बऱ्याच विहिरी खोलगट जागी, ओढ्याकाठी असतात. जिथे रेंज नाही तिथे तुमचा माल परत येणार. त्यापेक्षा व्हिडिओतच सांगून टाका. मी तर हे शेवटच्या आवाहनातच घालीन: विहिरीपाशी उभे राहून घरी फोन लावून बघा. ऐकणाऱ्याला करायला काहीतरी मिळतं, आणि कंपनी खरं बोलतेय हेही कळतं.

खरं बोलण्यावरून आणखी दोन जागा. 'मोटरीचे आयुर्मान वाढून' आणि 'लक्षणीय बचत' यांना तुमच्याकडे मोजलेला आधार असेल, तर तो आकडा सांगा. नसेल, तर दोन्ही काढा. स्टार्टर कोरडं चालणं, फेज जाणं, लोड वाढणं, व्होल्टेज बिघडणं ही कारणं पकडतो. बेअरिंग झिजलं, वाळूनं पंप खाल्ला, जुन्या वाइंडिंगचं इन्सुलेशन गेलं, तर स्टार्टर काही करू शकत नाही. 'मोटर जळणारच नाही' असं ऐकून घेतलेल्या माणसाची मोटर सहा महिन्यांनी गेली, की तो गावभर सांगेल. आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे, हे मालकांच्या कानावर घाला.

दुसरी जागा ऑटो मोडची. तुमच्या पूर्ण स्क्रिप्टमध्ये 'लाईट येताच मोटर आपोआप सुरू' असं कुठेतरी असणार, सगळेच लिहितात. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी लाईट येताक्षणी एकदम सुरू झाल्या, की ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, व्होल्टेज पडतं, कधी डीपीच जळतो. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवायला सांगत असतं. तुमच्या स्टार्टरमध्ये थोडं थांबून मोटर सुरू करायची सोय असेल, तर ती नीट सांगा. नसेल, तर ऑटोचा गवगवा आवाजात करू नका. फोन येतो आणि शेतकरी स्वतः बटण दाबतो, हेच दाखवा.

आता शब्द. शेतकरी जे इंग्रजी शब्द रोज बोलतो ते तसेच ठेवा: मोटर, लाईट, फेज, लोड, करंट, व्होल्टेज, बोअर, रेंज. त्यांच्या जागी 'विद्युतपुरवठा' आणि 'भार' आणलात, तर तो त्याच्या घरातलाच विषय परका होईल. जे शब्द फक्त कंपनीत चालतात ते आवाजातून काढा: जीएसएम, सिंगल फेजिंग, सुलभ स्थापना. मात्र 'ड्राय रन', 'सिंगल फेजिंग' हे शब्द त्या त्या वेळी पडद्यावर लहानसे दिसू द्या. उद्या दुकानात खोक्यावर तेच छापलेलं असणार, तिथे ओळख पटली पाहिजे.

'२.२ ते ७.५ किलोवॅट' हे आवाजात अजिबात नको. हे तीन ते दहा एचपी झालं, आणि शेतकरी मोटरीला एचपीनंच ओळखतो, तेही 'पाचची मोटर', 'साडेसातची मोटर' असं. स्क्रिप्टमध्ये आकडे अक्षरांत लिहा. '७.५' असं दिसलं की शहरातला निवेदक 'सात पॉइंट पाच' वाचतो, आणि तिथेच ऐकणाऱ्याला कळतं की हा माणूस शेतीतला नाही. 'साडेसात' लिहिलंत की 'साडेसात'च वाचलं जाईल.

हाच नियम क्रियापदांना. 'संपले', 'सांगितले' असं लिहाल, तर निवेदक तसंच वाचेल, आणि तो वाचतोय हे ऐकू येईल. 'संपलं', 'सांगितलं' लिहा. पण इथून पुढे जाऊन अस्सल गावरान बोली लिहायला जाऊ नका. 'करतंया', 'हाय न्हवं' हे त्या बोलीत वाढलेल्या निवेदकाच्या तोंडी शोभतं. पुण्याच्या स्टुडिओत बसून ती उसनी आणली, तर शेतकऱ्याला आपली टर उडवल्यासारखं वाटतं. शिवाय हाच व्हिडिओ उद्या अकोल्याला आणि जळगावलाही जाईल. साधी बोलीभाषा सगळीकडे चालते.

सर्वनामांकडे एकदा लक्ष द्या. मराठीत आपली थोडी सोय आहे, कारण मोटर 'ती' आणि स्टार्टर 'तो'. 'तिचा करंट कमी होतो' म्हटलं की गोंधळ होत नाही. पण फोनही 'तो' आणि स्टार्टरही 'तो'. 'तो लगेच बंद होतो' म्हटलं, तर काय बंद झालं? अशा ठिकाणी नाम पुन्हा घ्या, लिहिताना पुनरुक्ती वाटली तरी. कानाला ती खटकत नाही. आणि माहितीपत्रकात 'आमचे स्टार्टर' आहे, बोलताना बहुतेक जण 'हा स्टार्टर' म्हणतात. एकच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच चालवा.

हे सगळं धरून मी आवाजाचा मजकूर असा लिहीन. प्रत्येक ओळ एका श्वासाची आहे, मोकळी ओळ म्हणजे विराम.

रात्री बाराला लाईट येते.
तुम्ही विहिरीवर जाता, मोटर चालू करता, आणि उसात येता.
तासाभरानं लाईट जाते.
थोड्या वेळानं परत येते.
परत विहिरीवर. अंधारात.

आता उसातूनच मोटर चालू करा. फोनवरून.
हा आहे मोबाईल स्टार्टर.
याच्यात सिमकार्ड असतं.
लाईट आली, तिन्ही फेज नीट असले, की स्टार्टर तुम्हाला फोन करतो.
तुम्ही एक नंबरचं बटण दाबायचं.
मोटर चालू.

आता समजा, विहिरीचं पाणी तुटलं.
मोटर कोरडी चालायला लागली, की तिचा करंट कमी होतो.
स्टार्टर ते ओळखतो, आणि मोटर बंद करतो.
लगेच तुम्हाला फोन येतो: पाणी संपलंय.

एक फेज गेला? मोटर बंद.
लोड वाढला? मोटर बंद.
व्होल्टेज फार खाली गेलं, किंवा फार वर गेलं? तरी बंद.
आणि का बंद झाली, तेही फोनवर कळतं.

तुमची मोटर तीनची असो, पाचची, साडेसातची, नाहीतर दहाची, हा स्टार्टर चालतो.
बसवायला आमचा माणूस येतो.
वॉरंटी एक वर्षाची.

घेण्याआधी एक बघा.
विहिरीपाशी उभं राहा, आणि घरी फोन लावा.
नीट बोलता आलं, तर तिथं रेंज आहे.
मग आम्हाला फोन करा.
नंबर खाली दिलाय.

हे दीडशेच्या आसपास शब्द आहेत. स्टार्टर फोन करतो की मेसेज पाठवतो, बटण कोणतं दाबायचं, बसवायला खरंच माणूस जातो का, हे तुमच्या मालाप्रमाणे तपासून बदला. तुम्ही पाठवलेल्या दोन वाक्यांतलं आयुर्मान, बचत आणि जगाचा कोपरा सोडला, तर सगळं यात आलेलं आहे. फेज, लोड आणि व्होल्टेज मी मुद्दाम झटपट उरकलंय. पाण्याचा प्रसंग एकदा सविस्तर सांगितला की स्टार्टर काय काम करतो ते ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं, मग बाकीचे तीन प्रसंग प्रश्न आणि उत्तर एवढ्यातच पोचतात. चारही प्रसंग सारखेच सविस्तर केले असते, तर परत यादीच झाली असती.

चित्राचं काम वेगळं ठेवा. पाण्याच्या प्रसंगात पडद्यावर विहिरीची पातळी उतरताना आणि मीटरचा आकडा खाली येताना दिसू दे. आवाज फक्त त्याचा अर्थ सांगेल. 'येथे आपण पाहू शकता' हे वाक्य कुठेही नको, दिसतंय ते दिसतंच आहे. आवाज एक वाक्य बोलतोय आणि पडद्यावर दुसरंच वाक्य लिहिलेलं आहे, हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण त्यात दोन्ही वाया जातात. बरेच लोक व्हॉट्सॲपवर आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून खाली मजकूर द्यायचा असेल तर तो आवाजातलाच, शब्दाला शब्द. सुरुवातीला बोधचिन्ह फिरवत बसू नका. पहिली चौकट काळोखातल्या विहिरीची असू दे, कंपनीचं नाव 'हा आहे मोबाईल स्टार्टर' या ओळीवर येऊ दे.

आता मालक. त्यांच्यासमोर 'हे गाळलं' असं म्हणत जाऊ नका. एक तक्ता करून न्या. डावीकडे माहितीपत्रकातला प्रत्येक मुद्दा, उजवीकडे तो कुठे गेला ते: आवाजात, पडद्यावर, व्हिडिओखालच्या वर्णनात, की दुसऱ्या छोट्या व्हिडिओत. किलोवॅट, व्होल्टेजची मर्यादा, वॉरंटीच्या अटी वर्णनात जातात, कारण त्या वाचायच्या गोष्टी आहेत. जोडणी कशी करायची, कोणती वायर कुठे, सिम कसं घालायचं, हे वेगळ्या व्हिडिओत, कारण ते विकत घेतलेल्या माणसाला लागतं. तक्त्यात एकही रकाना रिकामा दिसला नाही, की मालकांचा बराचसा विरोध मावळतो. तरीही ते एखादा मुद्दा आवाजात हवाच म्हणाले, तर त्यांनाच विचारा, त्याच्या बदल्यात कोणती ओळ काढू. शब्द दीडशेच राहिले पाहिजेत.

स्टुडिओत जाण्याआधी स्वतःच्या फोनवर स्क्रिप्ट मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करा. जिथे श्वास पुरला नाही, जीभ अडखळली, किंवा तुम्ही नकळत शब्द बदलून वाचलात, तिथे खूण करा. नकळत बदललेला शब्द बहुतेक वेळा लिहिलेल्यापेक्षा चांगला असतो, तोच ठेवा. मग ते रेकॉर्डिंग, चित्राशिवाय, स्टार्टर न पाहिलेल्या कुणालातरी ऐकवा. एखादा शेतकरी मिळाला तर उत्तम. फोनच्याच स्पीकरवर, आजूबाजूला आवाज असताना, एकदाच. 'आवडलं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'हे यंत्र काय करतं, मला सांगा' असं म्हणा आणि गप्प बसा. त्यानं जे सांगितलंच नाही ते त्याच्या कानातून निसटलं. जे चुकीचं सांगितलं तिथे तुमच्या वाक्याला दोन अर्थ आहेत. 'म्हणजे लाईट नसतानाही मोटर चालते का?' असं कुणी विचारलं, तर 'लाईट आली' हे शब्द पुरेसे ठळक नाहीत. अशा दोनतीन दुरुस्त्या निघतातच, आणि त्या आत्ता फुकट होतात. ॲनिमेशन बनून गेल्यावर एक ओळ बदलायची म्हणजे चित्रही बदलायचं. म्हणून ॲनिमेशनवाल्यांनाही आधी तुमचंच कच्चं रेकॉर्डिंग द्या, त्यावर त्यांना वेळा बांधू दे, आणि निवेदकाचा पक्का आवाज नंतर भरा.

निवेदकाला मजकूर पाठवताना तो वर दिलाय तसाच, एका श्वासाची एक ओळ करून पाठवा, परिच्छेद करून नाही. आणि त्याला कोणाशी बोलायचंय ते सांगा: 'शेतकरी बांधवांशी' नाही, तर रात्री बारा वाजता पायात बूट घालून, बॅटरी घेऊन निघालेल्या एका माणसाशी. 'परत विहिरीवर. अंधारात.' या ओळीनंतर त्याला पुरता श्वासभर थांबायला सांगा. विहीर येते त्या सगळ्या ओळी दोन तऱ्हांनी रेकॉर्ड करून घ्या, एकदा 'विहीर' आणि एकदा 'बोअर' म्हणून. मराठवाड्यात हाच व्हिडिओ दाखवायची वेळ आली, की स्टुडिओचे पैसे पुन्हा भरावे लागणार नाहीत.